वळचणीचा वारा

सकाळी अंथरलेला तुतीचा कोवळा पाला दुपारी अंकिताच्या मुठीत कुरकुरला.

करकंबच्या रानात तिचं चॉकी सेंटर होतं. अंड्यातून निघालेले रेशीमकिडे सुरुवातीचे दिवस इथल्या गार, ओलसर खोलीत वाढायचे, मग शेतकरी घेऊन जायचे. किडे सुतासारखे बारीक, लाखांनी. वाळलेलं पान त्यांना चाववत नाही, ते उपाशीच राहतात. आणि उद्या तर शेतकरी न्यायला येणार.

"उनाबाई, सर मागं, पान गार ठेवू द्या
तुतीच्या पानावरी किडा माझा जेवू द्या..."

सासू सारजाबाई ट्रेवर वाकून पुटपुटत होत्या. एसी घरघरत होता, सत्तावीसवर लावलेला, तरी तापमापीचा काटा एकतीसखाली टिकत नव्हता.

वर पत्रा, त्याखाली पीव्हीसीचं छत. मधल्या पोकळीत उन्हाळ्यात भट्टी पेटायची. ती तापलेली हवा बाहेर फेकायला गेल्याच आठवड्यात इसूफभाईनं सोलरचा पंखा बसवला होता. ऊन चढलं की पंखा आपसूक जोरात. पण पंखा आला आणि खोली थंड व्हायची सोडून आणखीच तापायला लागली!

"उपटून टाक ते चक्र," सारजाबाई म्हणाल्या.

"आत्या, त्याच्याआधी तरी कुटं गार होतं? छताला हात लावला की भाजायचा."

तेवढ्यात नवी पेठेतलं आपलं सोलरचं दुकान सोडून इसूफभाई हजर झाला. घामानं निथळत, पण चेहरा कसा खुललेला! कोडं दिसलं की त्याला जेवणही सुचायचं नाही.

"भाई, मगाशी ढग आला. पंखा मंदावला आणि काटा लगेच खाली आला," अंकिता घाईघाईनं म्हणाली. "ढग सरला, परत वर!"

"ढगानं पत्रा पण थंड होतो की, भाभी. पंख्यालाच का दोष? थांबा, बघू." त्यानं खिशातून उदबत्ती काढली. "धूर कुणीकडं जातो ते..."

"ए बाबा!" सारजाबाईंनी उदबत्ती हिसकावली. "धुरानं माझी लेकरं मरत्याल! देवाला लाव, हितं नगं."

अंकिता हसली. तिनं फळीवरच्या जुन्या कोषाचा धागा उकलला. स्टुलावर चढून छतातल्या दिव्याच्या भोकाशी तो धरला. धागा लोंबला नाही. कुणी वरून ओढावा तसा सर्रकन भोकात शिरला.

"आपला गारवा वर चाललाय!"

"पॅनेल झाकतो," म्हणत इसूफभाई गोणपाट घेऊन शिडीवर चढला. भर उन्हातच पंखा थांबला. धागा हळूच खाली आला आणि निवांत लोंबू लागला. गोणपाट काढलं, धागा पुन्हा वर. झाकलं, खाली.

"बघा, पत्रा तर तापलेलाच हाय!" वरून आवाज आला. "पंखाच खेचतोय. पण का? त्याला हवा वळचणीतून मिळते की. पत्र्याच्या कडेची सगळी फट मी मोकळी ठेवली होती."

अंकिताचे कान तापले. वळचण!

"भाई... ती मी बुजवली. फोम कोंबून. उझी माशी शिरती म्हणून." ही माशी किड्यावर अंडी घालते, अळ्या त्याला आतून पोखरतात. रेशीमवाल्यांना ती वैऱ्याहून वाईट. कुठं भोक दिसलं की बुजवायचा हात आधीच पुढं झालेला असतो.

"मग बिचारा पंखा काय करंल?" इसूफभाई शिडीवरच हसत सुटला. "बाहेरची हवा बंद, म्हणून तुमच्या खोलीतली एसीची हवा पितोय. आणि तिच्या जागी दाराखालनं रानातली झळ आत!"

"मग फोम काढू? माशीचं काय?"

"बारीक जाळी लावू. जाळी हवा अडवती, म्हणून तोंड मोठं ठेवायचं. आणि छताची भोकं पक्की बंद."

मग काय धांदल! अंकितानं फोम ओढून काढला, इसूफभाईनं वळचणभर जाळी ताणली, सारजाबाई खालून "हितं सुटली, तितं सुटली" म्हणत राहिल्या. दिव्याची भोकं, छताचे सांधे, सगळ्यांवर टेप चिकटला. गोणपाट निघालं आणि पंखा भरधाव सुटला. अंकितानं वळचणीच्या जाळीशी धागा धरला: तो बाहेरून आत, पोकळीकडं वाकला. खोलीत येऊन टेपच्या कडेशी धरला: तो नुसता लोंबत राहिला.

तिनं सुकलेला पाला काढून ताजा चिरला, ओल्या हातानं पसरला. काटा उतरत होता. तीस. एकोणतीस. बाहेर ऊन अजून आग ओकत होतं.

आणि अचानक घरघर थांबली.

"अगं अंके, एसी बंद पडला!" सारजाबाई ओरडल्या.

अंकिता धावली. काटा सत्तावीसवर होता.

"बंद न्हाय पडला, आत्या," ती म्हणाली, "पोचला."

ट्रेमध्ये पानाच्या कडा बारीक कातरल्या जाऊ लागल्या होत्या.