#माझंठिगळ

शिवणकामाच्या चॅनलवर वहिनी दर व्हिडिओला नवा हॅशटॅग टाकायची. चॅनल सांभाळणारी नणंद वैतागली, "रोज नाव बदललंस, तर लोक लक्षात काय ठेवणार?"

मग दोघींनी आधी कुणी वापरलेत का ते शोधून दोन पक्के केले. #सुईदोरावहिनी हा चॅनलचा, कायमचा. #माझंठिगळ फक्त या महिन्यापुरता. त्याखाली प्रेक्षकांनी स्वतः लावलेल्या ठिगळाचा फोटो टाकायचा. वहिनीने व्हिडिओत सांगितलं, वर्णनात लिहिलं, कमेंट पिन केली. तरी चिटपाखरूही फिरकलं नाही.

"तुझं ठिगळ इतकं सुबक, त्यापुढे आपलं दाखवायला कोण धजेल?" नणंद म्हणाली.

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिने आपलं पहिलंवहिलं ठिगळ शोधून काढलं. नवऱ्याची पँट, वाकडेतिकडे टाके आणि ठिगळासोबत शिवून बंद झालेला खिसा! दोन्ही हॅशटॅग लावून तिने तो फोटो टाकला, आणि बघता बघता प्रेक्षकांच्या ठिगळांची रांग लागली. पुढच्या व्हिडिओत तिने ती कौतुकाने दाखवली, तशी आणखी आली.

त्यात एक नवऱ्याचंही होतं: 'ठिगळ मीच लावलं. #सुईदोरावहिनी #माझंठिगळ'.

"अहो, बायकोला वहिनी म्हणता?"

"हॅशटॅग बदलायचा नाही, असा तुझ्या नणंदेचाच हुकूम आहे ना!"