धुऱ्यावरच्या सागवानाची वलयं

“सर, कापलेल्या झाडाच्या फोटोवरून त्याचं वय सांगता येते काय?”

आकांक्षाने विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. “विचारून दाखव, मंग मानतो तुले,” असं तिची मैत्रीण पायलनं मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलाही पुटपुटणारी आकांक्षा आता कोणाच्या बापाला भीत नव्हती.

तायडे सर हसले नाहीत. “सागवान असंल तर येते. वर्षाले साधारण एक वलय. बुंधा घासून ओला कर, वर पट्टी ठेव आन् बरोबर वरून फोटो काढ. तिरपा काढला का माप गेलं.”

सागवानच होता. महिन्याभरापूर्वी बाबांनी, महादेवरावांनी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तोडलेला. त्याच्या फळ्या नव्या दारासाठी भिंतीला टेकून उभ्या होत्या. देवानंदकाका चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तो आमच्या बापाच्या हातचा. दोघायचा होता. माहा भाऊ खोटा बोलते.” बाबांचं म्हणणं, शेताची वाटणी झाल्यावर त्यांनी स्वतः लावला. वाटणी झाली तेव्हा आकांक्षा पाळण्यात होती. म्हणजे झाड फार तर पंधरा वर्षांचं. चावडीवरच्या त्या दिवसापासून शेजारच्या काकांच्या घरी जाणं-येणं बंद. आकांक्षाला बाबांना खरं करून दाखवायचं होतं.

सरांनी सांगितलं तसा तिने धुऱ्यावरच्या बुंध्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तो मोठा करून ती आणि पायल मोजायला बसल्या, गाभ्यापासून सालीकडे.

“हे करवतीचे ओरखडे होत, मोजू नको,” पायल म्हणाली.

“समजते मले!”

पंधरा झाली तरी साल लांबच होती. आकांक्षाचा आवाज बारीक होत गेला. अठ्ठावीस. दुसऱ्या बाजूने मोजलं, सत्तावीस. पट्टीवर गाभ्यापासून सालीच्या आतपर्यंत चौदा सेंटिमीटर.

“चौदा भागिले अठ्ठावीस,” पायल खुशीत म्हणाली. “वर्षाले अर्धा सेंटिमीटर! म्हंजे जाडी एक सेंटिमीटर वाढे. अवं, बोल ना काई?”

आकांक्षा फोटो घेऊन सरांकडे धावली. “सर, चुकते ना हे कधी?”

“चुकते. पाऊस मधातच खंडला तर खोटं वलय पडते. दोन-तीन इकडंतिकडं धर.”

“तेरा खोटी पडतीन काय?”

“तेरा नाई, बाई.”

संध्याकाळी बाबा जेवत होते. तिने फोन ताटाशेजारी ठेवला, आकडा सांगितला. बाबांनी फोटोकडे पाहिलंच नाही.

“फोटोत काय समजते? शाळेत हेच शिकवतेत काय?”

“बाबा, आजानं लावला होता ना?”

तिची आई आशाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. “हळू बोल, माय. तुह्या काकाले ऐकू जाईन.”

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. चुलीवरची भाकर करपायला लागली, कोणी उलटली नाही. आकांक्षा उभीच राहिली.

“उद्या शाळेच्या आंदी मी काकाच्या घरी जाणार हाओ. हा फोटो दाखवणार. बाबा, तुमी आले तर बरं. नाई आले तरी मी जाईन.”