भावानं आणलेलं लुगडं

झुंबरबाई पहिल्यांदा माझ्याकडे आली ती परतूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, आणि आली ती रागातच. तालुका विधी सेवा समितीकडून गरिबांना फुकट वकील मिळतो असं तिला वाटूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. मग उत्पन्नाचा दाखला काढायला ती तलाठ्याकडे गेली. तलाठी म्हणाला, भावाच्या घरी एवढी जमीन, तू कसली गरीब? तहसीलमध्येही तेच ऐकवलं. पावसाळाभर ही बाई त्या दाखल्यापायी हिंडत होती.

"बाई, दाखला न्हाई भेटला," ती म्हणाली. "मंग म्या काय करू? भिकारीण हाय असं लिहून घेऊन येऊ?"

मी कपाळावर हात मारला. कायदा चार वर्षांपूर्वीच लागू झाला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की बाईमाणसाला फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. ती लखपती असो की धुणंभांडी करणारी, बाई आहे एवढं पुरे. हे ना तलाठ्याला माहीत, ना त्याच्या साहेबाला. मी तिथंच तिचा अर्ज लिहिला. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे न्यायाधीशच. त्यांनी तो मंजूर केला आणि समितीच्या वकिलांच्या यादीवर मी होतेच, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

प्रकरण साधं होतं. अंकुशनगरच्या कारखान्यावर कामाला असलेला नवरा दुसरी बाई करून परागंदा झाला आणि झुंबरबाई वाटूरला माहेरी आली. बाप होता तोवर ठीक होतं. बाप गेला आणि सातबाऱ्यावर एकट्या भावाचं, कारभारीचं नाव लागलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. भावजय बेबीनंदा तिला मागच्या खोलीतून निघ म्हणू लागली. बाईला जमिनीची हाव नव्हती, तिला ती खोली हवी होती. टेकायला दुसरी जागाच नव्हती.

मी दावा लावला. बापाच्या वाट्यातला हिस्सा मागितला आणि खोलीचंही मांडलं. राहत्या घराची वाटणी तेव्हा लेकीला मागता येत नसे, पण नवऱ्यानं टाकलेल्या लेकीला त्या घरात राहायचा हक्क कायद्यानंच दिलेला होता. न्यायाधीशांनी दावा संपेपर्यंत तिला खोलीतून काढू नये असा मनाई हुकूम दिला. त्या दिवशी झुंबरबाईनं मला गूळ आणून दिला. मीही खूश होते. बाजू पक्की होती, खोटं कशाला बोलू?

मग पुढच्या वर्षी लोकअदालत आली. आमचं प्रकरण तडजोडीला ठेवलं होतं. समोर तिघं बसलेले: न्यायाधीश, एक जुने वकील आणि एक समाजसेविका. आमचा पुकारा व्हायच्या आधीच व्हरांड्यात कारभारी आला. हातात नारळ आणि नवं हिरवं लुगडं. पोटचा मुलगा आईसमोर रडावा तसा तो रडला.

"अक्का, माझं चुकलं," तो म्हणाला. "आईची आन हाय, मागची खोली तुझीच. मरेपर्यंत तुला कोण हात लावतो ते बघतो. फकस्त हा दावा मिटव. गावात मला तोंड दाखवायला जागा राह्यली न्हाई."

झुंबरबाईनं लुगडं घेतलं आणि मला कळलं की खेळ संपला. आपल्याकडे भावानं पुढं केलेलं लुगडं घेतलं की भांडण मिटलं. मग पुन्हा तोंड उघडणारी बहीण नव्हे, कैदाशीण.

मी तिला कोपऱ्यात ओढलं. "हिस्सा सोडायचा तर सोडा, पण खोलीचं वाक्य लिहून घेऊ. एकच ओळ. तडजोडीत जे लिहिलं तेवढंच खरं, बाकी सगळं वाऱ्यावर."

"भावाच्या शब्दाला कागद लावू?" ती माझ्यावरच खेकसली. "मंग ते माहेर कसलं, बाई? तसं लिहून मागितलं तर तो मला शब्द तरी का देईल?"

"नाही पटलं तर सही करू नका. प्रकरण परत कोर्टात जाईल, मनाई हुकूम तसाच राहील. तुमचं काहीच बिघडत नाही."

तिनं नकाराची मान हलवली. तेवढ्यात आमचा पुकारा झाला. न्यायाधीश भला माणूस. त्यांनी कारभारीला बाहेर काढून तिला एकटीला विचारलं. "बाई, या निवाड्यावर अपील नाही. दिवाणी कोर्टाच्या हुकुमाइतकाच तो पक्का. वडिलांच्या मिळकतीत तुमचा कसलाही हक्क राहणार नाही असं यात लिहिलंय. बदल्यात तुम्हाला काय मिळतंय?"

"भाऊ मिळून राह्यलाय, साहेब," झुंबरबाई म्हणाली.

समाजसेविकेनं डोळे पुसले. मी नाही पुसले, मला संताप आला होता. अंगठा उठला, तिघांच्या सह्या झाल्या, आणि बहीणभाऊ एकाच जीपनं वाटूरला गेले.

दिवाळीची ओवाळणी झाली आणि कापूस घरात आला. बेबीनंदानं मागच्या खोलीत कापूस भरून कुलूप लावलं. झुंबरबाईचं गाठोडं ओसरीवर ठेवलं, मग अंगणात. कारभारी बाजेवर बसून होता. बायकोला एक शब्द बोलला नाही आणि बहिणीकडे बघितलंही नाही.

झुंबरबाई परत माझ्याकडे आली तेव्हा ती वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात भांडी घासत होती आणि तिथंच भट्टीजवळ निजत होती. "आपला तो मनाई हुकूम दाखवू का त्यांला?" तिनं विचारलं.

दावा मिटला तसा तो हुकूमही गेला, हे मी तिला सांगितलं. अपील नाही, हेही पुन्हा सांगितलं. एकच बारीक वाट होती: फसवून तडजोड करून घेतली असं म्हणत औरंगाबादला उच्च न्यायालयात जायचं. तिथंही तिला वकील फुकट मिळाला असता. यश येईल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते, पण वाट होती.

"प्रतिज्ञापत्र करावं लागेल," मी म्हटलं. "भावानं खोटी शपथ घेऊन फसवलं असं लिहायचं."

तिनं गाठोडं सोडून ते हिरवं लुगडं काढलं. घडीही मोडलेली नव्हती.

"असं लिहिलं तर तो माझ्या मातीला बी येणार न्हाई," ती म्हणाली. "बाई मेली की माहेरचं लुगडं पडावं लागतं अंगावर. न्हाई पडलं तर लोक काय म्हणतील, हिला कुणीच नव्हतं?"

"आणि जिवंत आहात तोवर राहायचं कुठं?" मी ओरडलेच. ऑफिसातली दोन माणसं वळून बघू लागली.

तिनं लुगडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी सारखं केलं.

"हे तुमच्याकडं राहू द्या. हॉटेलात खराब हुतंय. म्या गेले आन् कारभारी न्हाई आला, तर हेच टाका. आणलंय तर त्यानंच."

मी नको म्हणायला हवं होतं, पण ते ठेवून घेतलं. लुगडं अजून माझ्या कपाटात आहे. फाट्यावरून जाताना मी हॉटेलापाशी गाडी थांबवते आणि भांड्यांच्या ढिगाआड ती दिसते का ते आधी बघते.