टोपीचा पाव

सलग आठवडाभर पाव बसत होते. साच्यात छान फुगायचे, भट्टीच्या तोंडाशी नेईपर्यंत त्यांचा माथा खचायचा आणि बाहेर यायचे ते पाटासारखे सपाट. ज्या बेकरीचा पाव साच्याच्या वर टोपी घातल्यासारखा उभा राहतो म्हणून गावभर नाव होतं, तिथे हे व्हावं! अप्पांनी यीस्ट बदलून पाहिलं, पाणी बदलून पाहिलं, मदतनिसांवर उगाच खेकसून पाहिलं. शेवटी स्टुलावर बसून ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"सूनबाई, हात गेले माझे. बेकरी विकून टाकू."

सुनेला ते पटेना. हा माणूस पीठ मळताना तिने पहिल्यांदा पाहिला, तेव्हापासून तिला त्याचा अभिमान होता; नवऱ्याचासुद्धा इतका नसेल, हे ती नवऱ्याला तोंडावर सांगायची. हात गेले म्हणे! सकाळीच त्यांनी मळलेला गोळा तिने ताणून पाहिला होता, काचेसारखा पातळ पडदा आला होता, कुठेही न फाटता.

मग उरला मैदा. तिने गिरणीवाल्यांना फोन लावला.

"वहिनी, मैदा तोच आहे," गिरणीवाले म्हणाले. "फक्त पोटॅशियम ब्रोमेट घालणं बंद केलं. बंदी आली ना आता आपल्याकडे. वाटलं, सगळ्यांना माहीत असेल."

"ते कशाला घालायचात?"

"पिठातलं चिवट जाळं घट्ट व्हायला. हळूहळू काम करतं. पीठ फुगताना, भट्टीत गेल्यावरसुद्धा. म्हणून तर पाव उंच."

"आणि बंदी कशाला?"

गिरणीवाले जरा चाचरले. "उंदरांना दिलं तर त्यांच्या मूत्रपिंडात, थायरॉईडमध्ये गाठी झाल्या, कॅन्सरच्या. माणसांत तसं सिद्ध नाही झालेलं. पण ब्रिटन, कॅनडा, बऱ्याच देशांनी म्हटलं, पाव उंच करायला हा धोका कशाला? पाव नीट भाजला तर त्याचा साधा क्षार होऊन जातो म्हणतात. पण जास्त पडलं किंवा पाव कच्चा राहिला, तर थोडं उरतं."

फोन ठेवल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. अप्पांचे हात शाबूत होते! पण हे सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांची टोपी त्या भुकटीची होती, हेही सांगायचं. न सांगावं तर म्हातारा बेकरी विकणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि त्यात गिऱ्हाइकांना आवडतो म्हणून अप्पा पाव पांढुरकाच, जरा कच्चा बाहेर काढायचे, आणि त्यातला पहिला मऊ तुकडा त्यांच्या नातीच्या तोंडात जायचा.

नातीची आठवण झाली आणि ती उठली. काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

अप्पा पुन्हा स्टुलावर बसले. सुनेला वाटलं, आपण त्यांना मोडून टाकलं.

"म्हणजे ती उंची माझी नव्हती," ते म्हणाले.

"थोडी होती, अप्पा."

"आणि पोरगी कच्चा पाव खात होती." त्यांनी डोळे पुसले. मग एकदम सुनेकडे पाहिलं. "अगं, माझे वस्ताद मैद्याची पोती महिनाभर ठेवायचे! हवा लागली की पिठात जोर येतो म्हणायचे. पुढे गिरणीचा मैदाच जोरदार यायला लागला, आम्हाला वाटलं, गिरणीच सुधारली. ठेवणं सोडून दिलं. आम्ही शहाणे!"

आणि ते हसले. आपल्यावरच, पोट धरून. सुनेला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग म्हातारा कामाला भिडला. पोती कोरड्या खोलीत हवेशीर रचली. ती तयार होईपर्यंत पिठात क जीवनसत्त्वाची चिमूट. तेही जाळं घट्ट करतं, पण मळतानाच आपलं काम उरकतं. पीठ थंडाव्यात निवांत ठेवायचं, मध्येमध्ये घड्या घालायच्या, आणि साच्यात मात्र पूर्वीइतका वेळ रेंगाळू द्यायचं नाही. पाहिजे तेवढं फुगलं की भट्टीत. पहिला घाणा फसला. दुसऱ्या वेळी पाव विटेसारखा झाला, तेव्हा अप्पांनी त्याच्याकडे बघून नमस्कार केला. असे कितीतरी फसले. अप्पा हटले नाहीत.

एका सकाळी पाव वर आला. टोपी होती, दोन बोटं कमी. वरची कड खरपूस तपकिरी, आतून पूर्ण भाजलेला. अप्पांनी तो गार होऊ दिला आणि पहिला तुकडा नातीला दिला. ती चावतच राहिली. "अजून दे," म्हणाली.

दुकानात जुनं गिऱ्हाईक आलं, पाव उलटसुलट करून कुरकुरलं, "अप्पा, टोपी लहान झाली की हो!"

सून काहीतरी सारवासारव करणार होती. तेवढ्यात अप्पांनी पिठाने भरलेले हात गल्ल्यावर टेकले.

"आधीची गिरणीने चढवली होती," ते म्हणाले. "ही मी चढवलीय. घेऊन जा, आणि पोरांना बिनधास्त खाऊ घाल."