सरळ या

मावशीने तिच्या दाताच्या दवाखान्याच्या पत्रकासाठी दिलेला मजकूर वाचून माझं डोकंच फिरलं. एक पान, त्यात तिच्या सगळ्या पदव्या, कॉलेजातलं सुवर्णपदक, किडलेल्या दातांचे सहा फोटो (शी!), चार प्रकारची नक्षीदार अक्षरं आणि तळाशी मुंगीएवढं, 'दवाखान्यास एकदा अवश्य भेट द्यावी, ही नम्र विनंती.'

"मावशी, एवढं कोण वाचणार?"

"तू डिझाइनचं बघ. बाकीचं मला शिकवू नकोस."

शिकवावं लागणार होतं! पेशंट कमी झाले होते. महिनाअखेरपर्यंत ते वाढले नाहीत, तर मावशी दवाखाना बंद करून समोरच्या चकाचक क्लिनिकमध्ये नोकरी धरणार होती, आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या हाताखाली. नुसत्या विचाराने माझा जीव तुटत होता.

मग मी सरळ कात्री चालवली. सगळ्यात मोठं, 'दात दुखतोय?' त्याखाली तीनच उपचार, साध्या ठसठशीत अक्षरांत, पांढऱ्यावर काळे. भोवती भरपूर मोकळी जागा. तळाला निळा चौकोन: 'आजच फोन करा', पुढे मावशीचा नंबर. मावशीचं नाव एका कोपऱ्यात, पदवी एकच.

तेवढ्यात दवाखान्यात कुरियरवाले काका आले. मी हात लांब करून कागद त्यांच्यासमोर धरला, पाचपर्यंत आकडे मोजले आणि लपवला. "काका, काय करायचं म्हणतोय हा कागद?"

"फोन," म्हणाले, आणि कागद मागून घेऊन खरंच लावला! त्यांचीही दाढ ठणकत होती.

टेबलाच्या खणात मावशीचा मोबाइल वाजू लागला. मावशी आत कुणाच्या तरी दाताला भोक पाडत होती. आवाज कुठून येतोय ते मला कळेपर्यंत तो वाजून वाजून बंद झाला.

"कुणी उचलत नाही हो," काका म्हणाले आणि पुढचं पार्सल द्यायला निघून गेले.

मी खण उघडला. चार दिवसांत एकोणीस फोन. एकही उचललेला नाही.

"ते कर्ज देणारे असतात गं," हातमोजे काढत मावशी म्हणाली. फोन घेणारी मुलगी दोन महिन्यांपूर्वी सोडून गेली होती.

"एकोणीस जण कर्ज देतात? कप्पाळ माझं!"

मावशी खुर्चीत बसली. पेशंटच्या खुर्चीत.

मी चौकोनातला मजकूर बदलला: 'सकाळी नऊ ते अकरा, सरळ या.' खाली पत्ता.

"फार आगाऊ वाटतं. निदान विनंती तरी घाल."

"दाढ ठणकत असलेल्याला कसली विनंती?"

कागद छापले, गल्लीभर वाटले. सोमवारी मावशी नेहमीच्या सवयीने साडेनऊला आली. पायरीवर पाच जण. पुढे कुरियरवाले काका, गाल टम्म सुजलेला, कागदावर बोट ठेवून. "नऊ लिहिलंय."

मावशीला कुलपात किल्ली लागेना. डोळे भरले होते, उगाच कशाला लपवा.

"डॉक्टरीणबाई, यात तुमचं नाव एवढं बारीक का हो?" काकांनी विचारलं.

"नाव राहू दे," मावशी म्हणाली. "आधी तोंड उघडा."