कुवेतचा फोन

"बाबा, तिकडे पण कबुतरं आहेत?" रुकय्यानं फोनवर विचारलं आणि स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या तिच्या आईचा, इनासचा, हात जागच्या जागी थांबला.

तिकडे म्हणजे कुवेतला. कसलं कुवेत, कपाळ! रुकय्याचा काका शाबान वर गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याशी उभा राहून मेलेल्या भावाचा आवाज काढत होता.

"आहेत ना गं राणी, पुष्कळ आहेत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तेताचं ऐकतेस ना? शहाण्यासारखी वागलीस तर ईदला येतो बघ."

तेता, म्हणजे तिची आजी हाज्जा तफीदा, शेजारीच बसून मान डोलवत होती. हा सगळा बनाव तिचाच. तिचा लेक, रुकय्याचा बाप रगब टायरच्या दुकानात काम करता करता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही, तेव्हा हाज्जानं पोरीला मावशीकडे धाडून दिलं आणि सगळ्यांना बजावलं, "पोरीला सांगायचं, बाप कुवेतला गेलाय. आपलं निम्मं दमनहूर गाव कमवायला कुवेतला जातं. एक आपला गेला तर तिला काय कळतंय?"

इनास तेव्हा शुद्धीवरच नव्हती. आणि आता बोलायची सोय राहिली नव्हती. इद्दतीत होती ती, म्हणजे विधवेनं घरातच काढायच्या चार महिने दहा दिवसांत, काळ्या कपड्यांत, सासूच्या घरात. जिन्याच्या दारापलीकडे पाऊल टाकायचं तर सासूला विचारायचं. मनात आलं तरी पोरीचा हात धरून नवऱ्याच्या कबरीवर जाता येत नव्हतं. घरात बसायचं आणि दर शुक्रवारी मेलेल्या माणसाचा फोन ऐकायचा. आपण भिंतीत चिणलो गेलोय असं तिला वाटे, आणि वर पुन्हा हसऱ्या तोंडानं!

रुकय्याच्या शाळेतल्या वफाबाई दुखवट्याला आल्या होत्या. उठताना त्या इनासच्या कानाशी हळूच म्हणाल्या होत्या, "मेले असाच शब्द वापर गं. झोपले म्हणशील तर ती झोपायला घाबरेल, प्रवासाला गेले म्हणशील तर वाट बघत बसेल. थोडक्यात सांग, खरं सांग. आणि तेच तेच दहादा विचारेल, तेव्हा चिडू नकोस. पोरं असंच समजून घेतात."

इनासनं तेव्हा नुसती मान हलवली होती. सांगायला जीभ कुठून आणायची?

त्या दुपारी खालच्या मजल्यावर एकच गलका झाला. तिथला शेजारी कारम कुवेतहून परत आला होता. गाडीच्या टपावर बोचकी, जाड गोधड्या, पंखा, त्याच्या लेकीला तिच्याएवढी बाहुली. बायका आनंदानं चीत्कारत होत्या. रुकय्या जिन्यात उभी राहून सगळं बघून आली आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"नोर्हानचे बाबा आले."

"हो गं, ऐकलं."

"नोर्हान शाळेत सगळ्यांना चावते. माझ्या हाताला पण चावली. तरी तिचे बाबा आले." तिनं चावल्याचा वण पुढे केला. "मी तर कोणालाच चावत नाही. मी काय केलं, मम्मा?"

ही आपली चिमुरडी इतके दिवस स्वतःवरच खटला चालवत होती, आणि आपण भिंतीआड बसून कांदे चिरत होतो! तिनं सुरी बाजूला सारली, हात पुसले आणि ती फरशीवर तिच्यासमोर बसली.

"तू काही केलं नाहीस. ऐक, मी तुला खरं सांगते. बाबा कुवेतला गेले नाहीत. बाबा मेले."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप केलं, पण ते पुन्हा चालू झालं नाही. आता ते श्वास घेत नाहीत, जेवत नाहीत, त्यांना दुखत नाही, थंडी वाजत नाही. त्यांना आपण गावाबाहेरच्या कबरस्तानात पुरलं. मेलेलं माणूस परत येत नाही, राणी. त्यांना यावंसं वाटत नाही म्हणून नव्हे. येताच येत नाही."

रुकय्या आईच्या काळ्या बाहीची शिवण चिमटीत धरून बसली.

"मी त्यांना म्हटलं होतं, जा तुम्ही, मला नकोत तुम्ही. चिप्स आणले नव्हते म्हणून."

"अगं माझे आई! तेवढ्यानं कोणी मरत नाही. तू शंभरदा म्हणालीस तरी माणूस मरत नाही. रागानं बोललेला शब्द हृदयापर्यंत पोचत नाही."

"मग फोनवर कोण असतं?"

इनासनं डोळे मिटले. "काका असतो. तुला वाईट वाटू नये म्हणून. ते चुकलंच आमचं."

पोरगी एवढी संतापली की तिनं आईच्या गुडघ्यावर दोन्ही मुठी आपटल्या. इनासनं आपटू दिल्या. मग बराच वेळ ती रडली, आणि तिच्यासोबत इनासही रडली. त्यानंतर नाक पुसत रुकय्यानं विचारलं, "ते मला बघतात?"

"मला माहीत नाही," इनास म्हणाली. "ते अल्लाजवळ आहेत असं मी मानते. आपण त्यांच्यासाठी दुआ मागितली की ती त्यांच्यापर्यंत पोचते, असंही मानते. पण मी पाहिलेलं नाही ना, त्यामुळे खात्रीनं कसं सांगू?"

"आंघोळ करताना बघत असतील तर?"

"छे! चुका पकडायला छताआड लपून बसायला ते काय चोर आहेत?"

पोरगी फिसकन हसली. लगेच गंभीर झाली. "तू मरणार?"

"सगळे मरतात. पण मी आत्ता धडधाकट आहे, आणि बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मला काही झालंच तर समाह मावशी तुला सांभाळेल. तू एकटी पडणार नाहीस."

"बरं," रुकय्या म्हणाली आणि बाहुली बघायला खाली पळाली. इनासला वाटलं, पोचलं की नाही काही? वफाबाईंनी सांगितलं नसतं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलुखियाच्या पातळ पालेभाजीत रोटी बुडवता बुडवता रुकय्यानं विचारलं, "मग बाबा कधी येणार?"

हाज्जा चटकन म्हणाली, "ईदला गं, सोन्या."

हे घर सासूचं, हे ताट सासूचं, अजून कितीतरी दिवस याच भिंतींत काढायचे होते. पोर मात्र इनासच्याच तोंडाकडे बघत होती, दुपारची आई खरी की आत्ताची ते ठरवायला बसल्यासारखी.

"येणार नाहीत, रुकय्या," ती म्हणाली. "बाबा मेले. दुपारी सांगितलं तेच खरं."

"जीभ झडो तुझी!" हाज्जानं ताटावर हात आपटला. "माझ्या घरात, माझ्या लेकाबद्दल असला शब्द! चालती हो इथनं!"

"काढा बाहेर. पण खोटं बोलणार नाही."

शाबाननं रोटी खाली ठेवली. तो मान वर न करता म्हणाला, "फोनवर मीच होतो, रुकय्या. आई, आता माझ्याच्यानं होत नाही. त्याचा आवाज काढला की रात्रभर तो माझ्या कानात बोलतो."

हाज्जा उठली आणि खोलीत जाऊन तिनं धाडकन दार लावलं. जरा वेळानं रुकय्या उठली आणि कोणाला न विचारता दार ढकलून आत गेली. इनास धसक्यानं तिच्यामागे धावली, पण उंबऱ्याशीच थांबली.

आत म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोरगी तिच्या पाठीला टेकून उभी होती.

"तेता, त्यांना आता दुखत नाही."

रुकय्यानं हात पुढे नेऊन तिच्या खांद्यावर ठेवला.

"त्यांना थंडी पण वाजत नाही. श्वासच घेत नाहीत ना."

"मग येणारच नाही म्हणतेस?" म्हातारीनं विचारलं. इतक्या बारीक आवाजात की इनासला आधी ती पोरगीच बोलली असं वाटलं.

"नाही, तेता. येताच येत नाही."

"ईदला पण?"

"ईदला पण नाही," रुकय्या म्हणाली, आणि आजीला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागली.