सगळ्याला 'हो' म्हणा

"विमा कंपनीचा फोन येईल काका. विचारतील त्याला 'हो' म्हणायचं, बस," तिने सांगितलं होतं.

काका बस चालवून निवृत्त झालेले. फंडाचे पैसे ठेवीत टाकायला बँकेत आले आणि मॅनेजरने त्यांना तिच्या टेबलाकडे वळवलं. विम्याचं महिन्याचं टार्गेट तिच्या मानगुटीवर बसलं होतं. काकांना ठेव हवी होती, तिने दिली शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी: हप्ता दरवर्षी, पैसे पाच वर्षं अडकलेले.

"पुढच्या वर्षी हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. तेव्हा पैसे मिळतील ना?" काकांनी विचारलं.

तिने नुसतं हसून सहीची जागा दाखवली.

फोन तिच्या समोरच आला. 'दरवर्षी हप्ता भरायचा आहे, माहीत आहे ना?' पलीकडच्या आवाजाने विचारलं. काकांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"हो हो," काका म्हणाले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा पोरी."

तो हात तिला पचला नाही. आठवडाभर मन खात राहिलं. शेवटी पॉलिसी परत करायची मुदत उलटायच्या आत ती त्यांच्या घरी गेली. काकू भिंत धरत धरत उठल्या, पाणी घेऊन आल्या.

"काका, ही ठेव नाही. मी तुम्हाला फसवलं. आत्ता रद्द केली तर थोडी कापाकापी होऊन पैसे परत मिळतील."

"मग त्या दिवशी मान का डोलावलीस?" काकांनी विचारलं.

तिने रद्द करायचा अर्ज पुढे सरकवला. त्यांनी सही केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पैसे परत आले. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून तिला फैलावर घेतलं. "हरिश्चंद्र व्हायचं असेल तर नोकरी कशाला करतेस?" तिला आतल्या खोलीत चेकचे गठ्ठे तपासायला बसवलं. तिच्या टेबलावर दुसरा आला, गोड जिभेचा.

महिन्याभराने काका बँकेच्या जिन्यात भेटले. बगलेत चकचकीत फाइल. वर त्याच विमा कंपनीचं नाव.

"काका, कशावर सही केलीत? दाखवा बघू."

त्यांनी फाइल छातीशी धरली. "नव्या साहेबांनी स्वतः समजावलंय. म्हणाले, त्या बाईने कमिशनच्या वादातून तुमचं चांगलं मोडलं."

"काका, ही तीच पॉलिसी आहे! अजून मुदत आहे, परत करता येईल..."

"एकदा तू म्हणालीस चांगलं, एकदा म्हणालीस फसवणूक. कुठली तू खरी धरू? ते निदान एकच बोलतात."

कठड्याला धरून ते सावकाश उतरून गेले. तिने वरून दोनदा हाक मारली. रस्त्यावर काकू रिक्षात वाट पाहत बसल्या होत्या. वर जिन्याच्या खिडकीत तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.